एनसी, एफआयआर की कोर्टात खासगी फिर्याद: कोणतं दार कधी ठोठवायचं

पोलीस ठाण्यातून माणूस हातात कागद घेऊन बाहेर येतो आणि घरी सांगतो, 'केस केली.' त्याने खरंच काय केलं ते त्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, म्हणून आधी तो कागद नीट वाचा.

तुमच्याच अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि सही असेल, तर तो फक्त तक्रार अर्ज आहे. गुन्हा नोंदलेला नाही आणि तपासही सुरू झालेला नाही. कागदावर 'अदखलपात्र' किंवा 'एनसी' असा नंबर असेल, तर पोलिसांनी तुमचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं आहे, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ते त्याचा तपास करू शकत नाहीत. आणि 'गु.र.नं.' म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर असेल, तर तो एफआयआर. तपास करायची जबाबदारी आता पोलिसांची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती मागून घ्या.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. एफआयआरचं जुनं कलम १५४ आता १७३ झालं, एनसीचं १५५ आता १७४ आणि खासगी फिर्यादीचं, म्हणजे तुम्ही स्वतः थेट कोर्टात केलेल्या तक्रारीचं, २०० आता २२३. पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा असा अर्ज कोर्टात ज्या कलमाखाली करतात, ते वकिलांच्या तोंडी असलेलं '१५६(३)' आता १७५(३) आहे. कोर्टाच्या आवारात अजून दोन्ही नंबर ऐकू येतात, त्यामुळे दोन्ही माहीत असलेले बरे.

निवडीचा खरा प्रश्न

'माझ्यावरचा अन्याय किती मोठा' या मापाने बहुतेक लोक मार्ग निवडतात. ते माप चुकीचं आहे. विचारायचं ते असं: पुरावा कुणाच्या हातात आहे?

आरोपी कोण ते माहीत नाही, मोबाइलचे कॉल रेकॉर्ड हवेत, बँक खातं गोठवायचं आहे, घरझडती घेऊन वस्तू जप्त करायची आहे, अटक करायची आहे, अशातलं एकही काम असेल तर ते पोलिसांशिवाय होत नाही. चोरी, अज्ञात इसमाने केलेली मारहाण, ऑनलाइन फसवणूक यांत खासगी फिर्याद लावून काहीच हाती लागत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, बाकीचं मागाहून.

उलट आरोपी नावानिशी माहीत आहे, साक्षीदार गावातलेच आहेत आणि कागद तुमच्या फाइलमध्ये आहेत, तर पोलिसांनी शोधून काढावं असं फारसं उरत नाही. तिथे खासगी फिर्याद चालते.

काही बाबतींत निवड तुमच्या हातात नसतेच. बदनामीची फिर्याद बाधित व्यक्तीनेच कोर्टात करायची असते. चेक न वटल्याचंही तसंच: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद करायची. या दोन्हींसाठी ठाण्यात खेटे घालण्यात अर्थ नाही.

एक प्रकरण घेऊ: बांधावरची मारहाण

समजा, १० जून २०२५ रोजी सकाळी आठच्या सुमारास बांध कोरण्यावरून चुलतभावाशी वाद झाला. त्याने शिवीगाळ केली, डाव्या हातावर काठी मारली आणि 'पुन्हा इथे दिसलास तर हातपाय तोडीन' म्हणाला. शेजारच्या रानातल्या दोघांनी हे पाहिलं. फिर्यादी तासाभरात ठाण्यात गेला.

ठाणे अंमलदार बहुधा याची एनसी घेणार: भारतीय न्याय संहितेचं ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शांतता भंग होईल असा अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी. तिन्ही अदखलपात्र आहेत. यात पोलिसांची टाळाटाळ आहे असं लगेच धरू नका. सुजलेला हात पाहून या टप्प्यावर याहून मोठं कलम लावायला आधार नसतो.

आधार मिळतो तो दवाखान्यात. ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी रुग्णालयाला दिलेलं पोलिसांचं पत्र, मागा आणि ती घेऊन त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा. खासगी डॉक्टरकडे पट्टी बांधून घरी जाणं ही इथली नेहमीची चूक, कारण मग दुखापत त्याच दिवशी, त्याच कारणाने झाली हे सिद्ध करताना दमछाक होते. डॉक्टर 'कशाने लागलं' असं विचारतात आणि तुमचं उत्तर रजिस्टरमध्ये लिहितात. तिथे 'पडलो' असं उत्तर दिलंत (भाऊबंदकीत लाजेपोटी लोक देतात) तर पुढे उलटतपासात तोच शब्द समोर ठेवला जातो.

आता समजा, सूज उतरेना म्हणून १३ जूनला एक्स-रे काढला आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलेलं निघालं. इथे सगळं बदलतं. हाड मोडणं किंवा निखळणं ही न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे जबर दुखापत आहे. तिची शिक्षा ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत असून तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणजे आता एफआयआर व्हायला हवा.

पण तो आपोआप होत नाही. एनसी वहीत पडून राहते आणि एक्स-रे तुमच्या कपाटात. एक्स-रेचा अहवाल आणि दुखापतीचं प्रमाणपत्र जोडून, एनसीचा नंबर लिहून ठाण्यात नवा अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. अर्जात कायद्याचं व्याख्यान नको. 'सदर दुखापत अस्थिभंगाची असल्याने दखलपात्र गुन्हा नोंदवावा' एवढं एक वाक्य पुरतं.

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. वैवाहिक वाद, व्यावसायिक व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, किंवा कारण न देता तीन महिन्यांहून उशिरा केलेली तक्रार अशा बाबतींत आधी प्राथमिक चौकशी करता येते, असंही त्याच निकालात आहे. नव्या संहितेने आणखी एक सोय पोलिसांना दिली: तीन वर्षे किंवा अधिक पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आपल्या प्रकरणातली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, म्हणून ही सबब इथे चालत नाही. हद्दीचीही सबब नाही. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी शून्य नंबरने नोंदवून तिकडे पाठवावा लागतो.

तरी नकार आला तर कलम १७३(४) ची पायरी. तक्रारीचा सारांश लेखी, टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. शहरात आयुक्तालय असेल तर तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना. टपालाची पावती आणि पत्र पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. ठाण्यातला अर्ज आणि अधीक्षकांचं पत्र यांतला मजकूर एकच असू द्या. अधीक्षकांच्या पत्रात दोन आरोपी वाढले आणि काठीची कुऱ्हाड झाली की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच तफावत आडवी येते. किती दिवस थांबायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. दोनेक आठवडे थांबणं रास्त, महिनोन्महिने वाट पाहणं नुकसानीचं.

मग तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) चा अर्ज. सोबत शपथपत्र लागतंच. २०१५ मध्ये प्रियांका श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक केलं आणि आता ते कायद्यातच आहे. शपथपत्रात खोटं लिहिलं तर त्याची स्वतंत्र शिक्षा आहे, हे सही करण्याआधी लक्षात असू द्या. ठाण्यातला अर्ज, अधीक्षकांचं पत्र, टपाल पावती आणि वैद्यकीय कागद जोडा. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात आलेले अर्ज याच एका कारणाने परत जातात. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं, गरज वाटली तर चौकशी करतं आणि मग तपासाचा आदेश द्यायचा की नाही ते ठरवतं.

इथे पुन्हा तोच प्रश्न येतो. पोलिसांचा तपास खरंच कशासाठी हवा? अर्जात हे उत्तर नसेल तर कोर्ट म्हणू शकतं की पुरावा तुमच्याकडेच आहे, खासगी फिर्याद म्हणून चालवा. म्हणून एक परिच्छेद त्यासाठी ठेवा: काठी जप्त करायची आहे, घटनास्थळाचा पंचनामा हवा आहे, समोरच्या विहिरीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तिसऱ्याच माणसाकडे आहे आणि ते मागितल्यावर देत नाही. चित्रण किती दिवसांत पुसलं जातं ते ठाऊक असेल तर तेही लिहा.

विनंतीच्या कलमात 'तपासाचे आदेश व्हावेत, ते शक्य नसल्यास कलम २२३ प्रमाणे दखल घ्यावी' असे दोन्ही पर्याय मागण्याची पद्धत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. मात्र क्रम सांभाळा. कोर्टाने एकदा दखल घेऊन तुमचा शपथेवर जबाब नोंदवायला घेतला की १७५(३) चं दार बंद होतं. त्यानंतर कोर्ट फार तर कलम २२५ खाली मर्यादित चौकशी सांगू शकतं, आणि त्या चौकशीतून एफआयआर होत नाही. घाईत 'आज व्हेरिफिकेशन उरकून टाकू' म्हणून फसलेल्या फायली कमी नाहीत.

हाड मोडलेलं नसेल तर

आता तेच प्रकरण, पण एक्स-रे स्वच्छ. एनसी बरोबरच होती. पुढे दोन वाटा आहेत. एक, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून १७४(२) खाली एनसीचा तपास करण्याचा आदेश मागायचा. आदेश मिळाला तर पोलीस तपास करतात, पण वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. दुसरी वाट खासगी फिर्यादीची, आणि इथे ती खरी शोभते: आरोपी माहीत, दोन साक्षीदार माहीत, डॉक्टरचं प्रमाणपत्र हातात.

फिर्याद लिहिताना विशेषणं काढून टाका. 'आरोपीने मला बेदम व अमानुष मारहाण केली' या वाक्यात सिद्ध करण्यासारखं काही नाही. त्याऐवजी: 'दि. १०/०६/२०२५ रोजी सकाळी ८ च्या सुमारास आमच्या गटाच्या पूर्व बांधावर आरोपीने उजव्या हातातील अंदाजे तीन फूट लांब बांबूच्या काठीने माझ्या डाव्या हातावर कोपराखाली एकदा मारले.' वेळ, जागा, हत्यार, शरीराचा भाग, किती वार. धमकीचे शब्द जसे उच्चारले तसे अवतरणात. ज्याने काही केलं नाही त्याचं नाव घालू नका. चुलत्याची बायको नुसती उभी होती आणि तिलाही आरोपी केलं, की तिच्यापुरती फिर्याद फेटाळली गेली तरी उरलेल्या कथेवरचा विश्वास ढळतो. कारण नसताना आरोप केला असं कोर्टाला वाटलं तर फिर्यादीकडून आरोपीला भरपाई देववता येते.

फिर्यादीसोबत साक्षीदारांची यादी द्या. ती नसेल तर आरोपीला समन्स काढता येत नाही. यादीत दोन शेजाऱ्यांबरोबर तपासणी करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि रुग्णालयाचं रजिस्टर हवं. डॉक्टरने येऊन सांगितल्याशिवाय नुसतं प्रमाणपत्र पुरावा म्हणून टिकवणं अवघड जातं, आणि ही उणीव खटला अर्धा झाल्यावर ध्यानात येते. प्रत्येक आरोपीमागे फिर्यादीची एक प्रत द्यावी लागते.

मग कोर्ट तुमचा आणि हजर साक्षीदारांचा शपथेवर जबाब घेतं. हा जबाब फिर्यादीशी जुळला पाहिजे, म्हणून आदल्या रात्री फिर्याद वाचून जा. नव्या संहितेत इथे एक मोठा बदल आहे: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. पूर्वी समन्स हातात पडेपर्यंत आरोपीला बऱ्याचदा पत्ताच नसे. आता त्याला आधीच नोटीस जाते, तो वकील लावतो, काही तारखा जातात. साक्षीदार भावकीतले असतील तर या मधल्या काळात त्यांच्यावर दबाव येतो हे गृहीत धरा. त्या दोघांना पहिल्याच तारखेला सोबत नेऊन त्यांचे जबाब नोंदवून घेणं म्हणूनच सोयीचं.

आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल, म्हणजे चुलतभाऊ पुण्यात नोकरीला आणि शेत दुसऱ्या तालुक्यात, तर समन्सआधी कलम २२५ ची चौकशी करावीच लागते. त्यात आणखी वेळ जातो.

पुरेसा आधार दिसला तर कोर्ट कलम २२७ खाली प्रोसेस इश्यू करतं, म्हणजे आरोपीला समन्स काढतं, नाही तर २२६ खाली कारण देऊन फिर्याद फेटाळतं. फेटाळली तर ९० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज करता येतो. प्रोसेस निघाल्यावर समन्सचा खर्च वेळेत भरा. रक्कम किरकोळ असते, पण ती न भरल्याने फिर्याद निकालात निघू शकते.

त्यानंतर तारखांना हजर राहणं तुमच्या गळ्यात असतं. पोलीस केसमध्ये सरकारी वकील खटला चालवतो आणि फिर्यादी हा एक साक्षीदार असतो. खासगी फिर्यादीत गाडा तुम्हीच ओढायचा. वकील नाही, हजेरीमाफी नाही आणि तुम्ही गैरहजर, तर समन्स खटल्यात कोर्ट ३० दिवसांची संधी देऊन आरोपीला निर्दोष सोडू शकतं. याचा एक फायदाही आहे: भाऊबंदांत समेट झाला तर कोर्टाच्या परवानगीने फिर्याद मागे घेता येते. एफआयआर तशी घरी बसून मागे घेता येत नाही.

मोडलेल्या हाडाच्या प्रकरणातही कुणी खासगी फिर्याद सुचवेल. ती होऊ शकते, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेमुळे तो वॉरंट खटला ठरतो आणि फिर्यादीवरच्या वॉरंट खटल्यात आरोप ठेवण्याआधी साक्षी होतात, आरोप ठेवल्यानंतर तेच साक्षीदार पुन्हा उलटतपासाला यावे लागतात. दुसऱ्या खेपेला साक्षीदार येतीलच असं नाही. तिथे एफआयआरसाठी भांडणंच बरं.

एफआयआर झाला, पण समरी आली

नोंद झाली म्हणजे काम संपलं असं नाही. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा. महाराष्ट्रात तपास बंद करताना ए, बी किंवा सी समरी मागतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी मान्य करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस द्यायची असते. ती आली की स्वस्थ बसू नका. तुमची हरकत तपशिलासह दाखल करा: कोणता साक्षीदार तपासलाच नाही, कोणता कागद घेतलाच नाही. कोर्ट पुढील तपास सांगू शकतं किंवा तुमची हरकतच फिर्याद मानून २२३ च्या वाटेने नेऊ शकतं. बी समरीकडे तर अजिबात दुर्लक्ष नको, कारण ती मंजूर झाली तर खोट्या तक्रारीची कारवाई तुमच्यावर उलटू शकते.

मुदत

एनसी केली की मुदत थांबली, असा समज सर्रास आढळतो. मुदतीसाठी कायदा दोनच तारखा धरतो: १७३ खाली माहिती नोंदवल्याची किंवा २२३ खाली फिर्याद दाखल केल्याची. एनसी १७४ ची, ती यात बसत नाही. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला एक वर्ष, त्याहून अधिक पण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षे.

आपल्या प्रकरणात ११५(२) ची शिक्षा एक वर्षापर्यंत, म्हणून मुदत एक वर्ष. ३५१(२) आणि ३५२ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत, म्हणून तीन वर्षे. गुन्हे एकत्र चालणार असतील तर जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सगळ्यांना लागते, म्हणजे कागदावर १० जून २०२८ पर्यंत वेळ आहे. त्यावर विसंबू नका. कोर्टाने धमकी आणि अपमानाची कलमं सोडून फक्त मारहाणीपुरती प्रोसेस काढली, तर उरलेलं एकच कलम एका वर्षाचं, आणि आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढेल. फिर्याद १० जून २०२६ च्या आत दाखल करा, आणि त्या तारखेच्या आसपास कोर्टाची उन्हाळी सुटी असू शकते म्हणून शक्यतो एप्रिलमध्येच.